रेझ्युमे भक्कम, तरी गुण कमी: नकारानंतर काय तपासायचं

कंपनीच्या भरतीच्या सिस्टीमने रेझ्युमेला दिलेले गुण तुमच्या अनुभवाचे नसतात. तुमच्या फाइलमधून जो मजकूर त्या सिस्टीमच्या हाती लागला, त्याचे ते गुण असतात. या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकतं हे कळावं म्हणून एका मुलीची गोष्ट सांगतो. तिच्या फाइलवर आम्ही जे जे केलं, ते त्याच क्रमाने तुम्हाला तुमच्या फाइलवर करता येईल. त्यासाठी एक साधा कॉम्प्युटर आणि एक निवांत संध्याकाळ पुरते.

मुलगी साताऱ्याजवळच्या कोडोलीची. मी कारखान्यांत भरतीचं काम बरीच वर्षं केलं आहे हे तिच्या घरच्यांना माहीत, म्हणून ती माझ्याकडे आली. मेकॅनिकलचा डिप्लोमा, त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिस, आणि मग साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात चार वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. गाड्यांना लागणारे हब आणि शाफ्ट तिथे बनतात. मशीन सेट झाल्यावर निघालेला पहिला पीस मोजून पास करायचा, पाळीत मधूनमधून पीस उचलून तपासायचे, ग्राहकाची तक्रार आली की कारण शोधून रिपोर्ट लिहायचा, नव्या पार्टची मंजुरीची फाइल बनवायची, ही तिची कामं. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली. अनुभव तीन ते सहा वर्षं मागितला होता आणि जाहिरातीत लिहिलेलं जवळपास सगळं काम ती रोज करत होती. तिने अर्ज केला. काही दिवसांत मेल आला की तुमची प्रोफाइल या पदाच्या गरजांशी जुळत नाही.

“काका, यात न जुळण्यासारखं काय आहे?” तिने रेझ्युमे माझ्यासमोर ठेवला. कागद बघितला तर खरंच देखणा होता. डाव्या बाजूला गडद निळा पट्टा, त्यात फोटो, फोन नंबर, स्किल्स आणि प्रत्येक स्किलपुढे पाच ठिपके. उजव्या बाजूला अनुभव. एका डिझाइनच्या साइटवरचा तयार साचा घेऊन तिने तो मन लावून भरला होता. माणसाने हातात घेऊन वाचला असता तर तिला नक्की बोलावलं असतं.

पायरी १: नकाराचं कारण विचारू नका, काय वाचलं गेलं ते विचारा

“मला का नाकारलं?” या प्रश्नाला कंपनीकडून सहसा उत्तर येत नाही. कारण लेखी दिलं तर पुढे वाद होईल या भीतीने एचआरवाले गप्प बसतात, आणि शेकडो अर्जांना वेगवेगळं उत्तर द्यायला त्यांना वेळही नसतो. मी तिला वेगळा प्रश्न लिहायला सांगितला. मेल चार ओळींचा. पदाचं नाव आणि अर्जाचा क्रमांक, कळवल्याबद्दल आभार, आणि एवढंच विचारायचं: तुमच्या सिस्टीममध्ये माझा एकूण अनुभव किती दिसतो, सध्याचं पद काय दिसतं आणि कोणती स्किल्स दिसतात? माझ्या फाइलमध्ये काही चूक असेल तर पुढच्या वेळी दुरुस्त करीन.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला समोरच्याला निर्णयाचं समर्थन करावं लागत नाही. स्क्रीनवर दिसतं ते फक्त वाचून दाखवायचं असतं. तरीही प्रत्येक वेळी उत्तर येईलच असं नाही. हिच्या बाबतीत दोन दिवसांनी भरती बघणाऱ्या बाईंचा फोन आला.

“तुमचा एकूण अनुभव एक वर्ष दिसतोय,” त्या म्हणाल्या. “सध्याचं पद रिकामं आहे. स्किल्समध्ये हाइट गेज आणि एमएस ऑफिस. शंभरपैकी चौतीस गुण आहेत. यादी गुणांप्रमाणे लागते, मी वरून उघडत येते. तुमच्यापर्यंत पोहोचलेच नाही.”

“मॅडम, पण माझी सलग चार वर्षं झाली आहेत या कंपनीत.”

“असतील. इथे आलेली नाहीत.”

त्या फोनमधलं हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं होतं. सिस्टीमने परस्पर नाकारलं असा मुलांचा समज असतो. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. सिस्टीम फाइल उघडते, त्यातून नाव, फोन, शिक्षण, पदं, तारखा, स्किल्स असे तुकडे वेगळे काढते, ते आपल्या रकान्यांत भरते आणि जाहिरातीच्या गरजांशी ताडून यादीचा क्रम लावते. काही सिस्टीम गुण देतात, काही देत नाहीत, तिथे भरती करणारा माणूस स्वतःच शब्द टाकून शोधतो आणि अनुभवाच्या वर्षांची चाळणी लावतो. दोन्हीकडे परिणाम तोच. रकाना रिकामा राहिला तर त्या रकान्यापुरते तुम्ही तिथे नाहीच.

फोन आला नाही तरी ही माहिती मिळवायचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो जवळपास सगळे घालवतात. बऱ्याच कंपन्यांच्या पोर्टलवर रेझ्युमे चढवला की पुढचा फॉर्म आपोआप भरून येतो. घाईत असलेला माणूस तो न बघता पुढे जातो. तो फॉर्म म्हणजे सिस्टीमने तुमच्या फाइलमधून काय उचललं याची उघड प्रत असते. तिथे कंपनीच्या नावाच्या जागी गावाचं नाव आलं असेल, एक नोकरी गायब असेल, तर बिघाड तिथेच दिसतो. रकाने हाताने दुरुस्त करूनच पुढे जायचं, आणि त्याच दिवशी मूळ फाइलही दुरुस्त करायची. इथल्या मुलीने तो फॉर्म न बघता पुढे ढकलला होता.

पायरी २: फाइलमधला मजकूर उघडा करून बघा

आता आपल्याच फाइलमधून काय बाहेर पडतं ते बघायचं. पीडीएफ उघडा, `Ctrl+A` दाबून सगळं निवडा, `Ctrl+C` ने कॉपी करा आणि `Notepad` मध्ये `Ctrl+V` ने चिकटवा. रंग, पट्टे, ठिपके सगळं गळून पडतं आणि उरतो तो मजकूर. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच एका ओळीत करता येतं:

```
pdftotext -layout resume.pdf -
```

कंपनीची सिस्टीम नेमकी याच पद्धतीने वाचते असं नाही. तिची वाचायची रीत वेगळी असू शकते, कदाचित जास्त हुशारही. पण नोटपॅडमध्ये जो मजकूर विस्कटलेला येतो, तो तिथेही विस्कटण्याची शक्यता मोठी. हिच्या फाइलमधून आलेला एक तुकडा असा होता:

```
SKILLS            WORK EXPERIENCE
Pro le Projector  Quality Inspector
3D Measuring M/c  Aug 21 onwards
Height Gauge      Final inspection of
```

हे वाचताना कळतं की पीडीएफला रकाना नावाची गोष्ट ठाऊकच नसते. त्या फाइलमध्ये असतं ते इतकंच: हे अक्षर, पानावर या जागी. कोणतं अक्षर कोणानंतर वाचायचं हा अंदाज वाचणारा प्रोग्रॅम स्वतः बांधतो, आणि पुष्कळदा तो डावीकडून उजवीकडे सरळ ओळ पकडतो. त्यामुळे डाव्या पट्ट्यातलं प्रोफाइल प्रोजेक्टर आणि उजवीकडचं पदाचं नाव एका ओळीत आलं. “प्रोफाइल प्रोजेक्टर क्वालिटी इन्स्पेक्टर” असं कुठलंही पद नसतं, म्हणून सिस्टीमने सध्याच्या पदाचा रकाना रिकामा सोडला.

पहिल्या शब्दात मधली अक्षरं गेलेली दिसतात तीही बघा. काही सुंदर फॉन्टमध्ये एफ आणि आय ही दोन इंग्रजी अक्षरं जोडून एकच आकृती छापतात. फाइलमध्ये त्या आकृतीची नीट नोंद नसेल तर वाचताना ती जागा मोकळी राहते. तपासणीच्या कामात हे फार महाग पडतं, कारण `Profile`, `Specification`, `Verified`, `Certified` या सगळ्या शब्दांत ती जोडी आहे. डोळ्यांना कागदावर काहीच खटकत नाही, आणि शोधणाऱ्याला तो शब्द कधीच सापडत नाही.

ठिपक्यांचं काय? थ्रीडी मोजणीच्या मशीनपुढे, म्हणजे सीएमएमपुढे, पाचपैकी चार भरलेले ठिपके म्हणजे तिला म्हणायचं होतं की मला हे चांगलं येतं. नोटपॅडमध्ये ते एकतर नुसती चिन्हं म्हणून आले किंवा आलेच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की ठिपके माणसालाही काही सांगत नाहीत. चार ठिपके कुणाच्या मोजणीने? त्यापेक्षा “सीएमएमवर रोज हब आणि शाफ्टची तपासणी, प्रोग्रॅम चालवणे” ही एक ओळ कितीतरी जास्त सांगते.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त मनाला लागते, कारण देखणा साचा सोडावा लागतो. वर्ड उघडून एकाच रकान्यात, वरून खाली सरळ लिहायचं. टेक्स्ट बॉक्स नको, तक्ता नको. नाव आणि फोन पानाच्या हेडरमध्ये टाकू नका, मुख्य मजकुराच्या पहिल्या दोन ओळींत लिहा, कारण काही वाचक प्रोग्रॅम हेडर सोडून देतात. वरती मोठ्या अक्षरांत `BIO-DATA` किंवा `CURRICULUM VITAE` लिहायची आपल्याकडे जुनी सवय आहे. तेही काढा, पहिली ओळ तुमच्या नावाचीच असू द्या, नाहीतर एखादी सिस्टीम त्यालाच तुमचं नाव समजते. मथळे नेहमीचेच ठेवा: `Work Experience`, `Education`, `Skills`. “माझा प्रवास” छापाचे मथळे सिस्टीमला ओळखता येत नाहीत. फॉन्ट `Calibri` किंवा `Arial`. झालं की पुन्हा पीडीएफ बनवा आणि पुन्हा नोटपॅडमध्ये चिकटवून वाचा. वाक्यं सलग लागली तर पुढे जायचं.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण पोवई नाक्यापासून मिरजेपर्यंत सगळीकडे ती दिसते. झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेला रेझ्युमे पुष्कळदा स्कॅन करून पीडीएफ बनवलेला असतो. त्यात मजकूर नसतोच, कागदाचा फोटो असतो. `Ctrl+A` दाबून एकही अक्षर निवडलं जात नसेल तर तोच प्रकार समजा. दुकानातून कागद आणाल तेव्हा पेनड्राइव्हवर वर्डची मूळ फाइल मागून घ्या. आणि मराठीत अर्ज द्यायचा असेल, शाळेत किंवा संस्थेत, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे ना ते बघा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर “मराठी” दिसतं, पण फाइलमध्ये `ejkBh` असं साठवलेलं असतं. शोधणारा “मराठी” टाइप करतो आणि तुमची फाइल त्याला मिळत नाही.

पायरी ३: तारखा अशा लिहा की वर्षं मोजता येतील

चार वर्षं कुठे गेली याचं उत्तर त्याच तुकड्यात होतं. सध्याच्या नोकरीपुढे तिने `Aug 21 onwards` लिहिलं होतं. वाचणाऱ्या माणसाला लगेच कळतं की 2021 च्या ऑगस्टपासून आजपर्यंत. प्रोग्रॅमला मात्र त्यातला 21 हा आकडा साल आहे की तारीख, हे ठरवता येत नाही. शेवट कुठे, तेही कळत नाही. अनुभव मोजण्यासाठी त्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही लागतात. शेवट मिळाला नाही म्हणून त्याने ती नोकरी मोजणीतून सोडून दिली.

उलट अप्रेंटिसशिपची तारीख तिने प्रमाणपत्र समोर ठेवून नीट लिहिली होती: `Aug 2020 - Jul 2021`. ती मोजली गेली, बारा महिने. भरतीच्या बाईंच्या स्क्रीनवरचं एक वर्ष ते हेच. पाच वर्षांतलं सगळ्यात कमी महत्त्वाचं वर्ष तेवढं पोहोचलं, आणि तीन वर्षांच्या अटीत ती नापास झाली. चौतीस गुणांमागे सगळ्यात मोठा हात याचाच असावा, कारण अनुभवाची वर्षं ही त्या जाहिरातीतली सक्तीची अट होती.

दुरुस्त केलेल्या ओळी अशा:

```
Quality Inspector
(कंपनीचं नाव), MIDC Satara
Aug 2021 - Present
```

महिना अक्षरांत, साल चार आकडी, आणि चालू नोकरीला `Present`. `Till Date` असंही आपल्याकडे सर्रास लिहितात आणि बऱ्याच सिस्टीमना ते कळतंही, पण `Present` जवळपास सगळीकडे चालतं. पद, कंपनी आणि तारीख प्रत्येक नोकरीत याच क्रमाने लिहा. एका नोकरीत कंपनी आधी आणि दुसरीत पद आधी, असं केलं की रकाने उलटेपालटे भरतात.

एमआयडीसीतल्या मुलांपुढे आणखी एक पेच असतो. पहिली दोन वर्षं कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर आणि नंतर त्याच कारखान्यात कायम. तेव्हा दोन वेगळ्या नोंदी करा, पहिल्या नोंदीत कंत्राटदाराचं नाव लिहून पुढे कोणत्या कारखान्यात काम केलं ते लिहा. कारखान्याचं एकच नाव लिहून सगळी वर्षं त्यात घातली तर आकडा छान येतो, पण पुढे पीएफच्या नोंदी तपासल्या जातात तेव्हा तारखा जुळत नाहीत आणि हातात आलेली नोकरी अडकते.

पायरी ४: कामाला जाहिरातीतलं नाव द्या, केलं असेल तर

आता फाइल वाचली जाते, वर्षंही मोजली जातात. तरी स्किल्सची बाजू कच्ची होती, आणि इथे चूक साच्याची नव्हती. कारखान्यात एखाद्या कामाला जे नाव पडलेलं असतं तेच आपल्या तोंडी बसतं आणि तेच रेझ्युमेत उतरतं. तिच्या कारखान्यात सीएमएमला सगळे थ्रीडी मशीन म्हणतात, म्हणून तिने `3D Measuring M/c` लिहिलं. ग्राहकाच्या तक्रारीवर ती जो आठ टप्प्यांचा रिपोर्ट लिहायची त्याला तिथे नुसतं कंप्लेंट रिपोर्ट म्हणत. जाहिरातीत त्याला एट-डी म्हटलं होतं. नव्या पार्टच्या मंजुरीसाठी ग्राहकाकडे जाणारी जाड फाइल तिच्याकडे सॅम्पल फाइल, जाहिरातीत पीपॅप. मोजमापाची साधनं भरवशाची आहेत का ते तपासायचं तिच्याकडे गेज स्टडी, जाहिरातीत एमएसए. चारही कामं तिने केली होती, आणि जाहिरातीतला एकही शब्द तिच्या रेझ्युमेत नव्हता.

काही सिस्टीम समानार्थी शब्द ओळखतात. पण तुमच्या शॉपफ्लोअरवरचं बोलीतलं नाव त्यांच्या यादीत असेल यावर विसंबू नका. मी तिला जाहिरात छापून आणायला सांगितली आणि कामाच्या प्रत्येक नावाखाली रेघ मारायला लावली. मग प्रत्येक शब्दावर एकच प्रश्न: हे तू स्वतः केलंस का, आणि केलं असशील तर दाखवायला काय आहे?

“पीपॅप?”

“दोन पार्टच्या फाइली मी लावल्या. लेव्हल थ्री होती. मोजमापाचे रिपोर्ट माझेच होते, सही साहेबांची.”

“मग लिही. एसपीसी?”

“चार्ट मी भरायचे काका. पण त्यावरून सीपीकेचा आकडा साहेब काढायचे.”

“मग चार्ट भरले एवढंच लिही. मिनिटॅब?”

“नाही वापरलं कधी.”

“मग तो शब्द रेझ्युमेत नको.”

असे शब्दांचे तीन भाग पडतात. स्वतः केलेलं काम जाहिरातीतल्या नावाने सरळ लिहायचं. हातभार लावलेलं काम तसंच सांगायचं, `Assisted` किंवा `Recorded` अशा क्रियापदाने. न केलेलं सोडून द्यायचं. सगळं स्वतः केल्याचं लिहिलं तर गुण वाढतात, पण तो शब्दच मुलाखतीत पहिला प्रश्न होऊन समोर येतो.

लिहिताना पूर्ण नाव आणि लघुरूप दोन्ही द्या, कारण शोधणारा कोणतं टाइप करेल ते आपल्याला माहीत नसतं. आणि नुसती यादी करून थांबू नका, तो शब्द अनुभवाच्या ओळीतही येऊ द्या. तिच्या नव्या रेझ्युमेतल्या दोन ओळी:

```
Inspected hubs and shafts on Coordinate
Measuring Machine (CMM), daily.
Conducted Gauge R&R (MSA): 10 parts,
3 operators, 3 trials.
```

दुसऱ्या ओळीत ताकद आहे ती आकड्यांमुळे. दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकाने तीनदा मोजायचं, म्हणजे नव्वद वाचनं. हे ज्याने केलं नाही त्याला हा आकडा सहज सुचत नाही. सिस्टीमला एमएसए हा शब्द मिळतो आणि नंतर वाचणाऱ्या इंजिनिअरला हे काम खरंच झालेलं दिसतं. एका ओळीने दोघांचं काम भागतं, आणि रेझ्युमेची प्रत्येक ओळ अशी असावी असं माझं मत आहे.

पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले सगळे शब्द तळाला लपवायची युक्ती काही मुलं एकमेकांना सांगतात. मजकूर वेगळा काढला की रंग जातो आणि ते शब्द भरती करणाऱ्याच्या स्क्रीनवर जसेच्या तसे उभे राहतात. त्यानंतर तुमच्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पायरी ५: पुन्हा पाठवताना

नवी फाइल घेऊन ती त्याच पोर्टलवर गेली तर तिथे “तुम्ही या पदासाठी आधीच अर्ज केला आहे” असं आलं. हे बऱ्याच ठिकाणी होतं. अशा वेळी दुसरा ईमेल वापरून नवा अर्ज करू नका. एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या की दोन्हींकडे संशयाने बघितलं जातं. पोर्टलवर प्रोफाइल बदलायची सोय असेल तर तिथे फाइल बदला आणि रकानेही तपासा. नसेल तर आधी उत्तर देणाऱ्या व्यक्तीला लिहा. तिने बाईंना फाइल जोडून दोन वाक्यं लिहिली: जुन्या फाइलमध्ये तारखा वाचल्या जात नव्हत्या, त्या दुरुस्त केल्या आहेत, शक्य असल्यास ही फाइल नोंदीला लावावी. बाईंनी ती लावली आणि कळवलं की आता अनुभव पाच वर्षं दिसतो आणि गुण बहात्तर आहेत. मुलगी तीच, काम तेच.

बहात्तर म्हणजे फक्त एवढंच की आता माणूस ते पान उघडेल. फोनवर मुलाखत झाली तेव्हा समोरच्या इंजिनिअरने पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्या गेज स्टडीत आकडा किती आला होता आणि तो आल्यावर तुम्ही काय केलंत? तिने सांगितलं की एका डायल गेजचा आकडा तीस टक्क्यांच्या वर गेला होता, म्हणजे ते गेज त्या मापासाठी वापरण्याजोगं नव्हतं. म्हणून पीस धरायचा फिक्श्चर बदलून पुन्हा अभ्यास केला, तेव्हा तो दहाच्या खाली आला. पुढच्या फेरीसाठी तिला चाकणला बोलावलं.

फाइल ठीक असूनही नकार आला तर

वरचं सगळं नीट असेल आणि तरी अर्ज केल्याकेल्या नकार येत असेल, तर गुणांकडे बघू नका. फॉर्ममधले हो-नाहीचे प्रश्न बघा. पुण्याला राहायला याल का, पाळ्यांमध्ये काम कराल का, नोटीस किती दिवसांची, अपेक्षित पगार किती. यांतल्या काही प्रश्नांवर कंपनीने आधीच अट लावून ठेवलेली असते, आणि तिथे मात्र सिस्टीम खरोखर परस्पर बाजूला करते. सातारा ते पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर आहे. पत्ता साताऱ्याचा आणि स्थलांतराच्या प्रश्नावर “नाही” दिलं, तर बाकीचं कुणी वाचत नाही. तयारी असेल तर “हो” म्हणा, आणि रेझ्युमेत पत्त्याच्या ओळीतच `Willing to relocate to Pune` असं लिहा. नोटीस नव्वद दिवसांची असेल आणि कंपनीला माणूस तीस दिवसांत हवा असेल, तर मात्र फाइलमध्ये काही बदलून उपयोग नाही. आपल्या साहेबांशी बोलून नोटीस कमी होते का ते आधी विचारा, आणि होत असेल तरच फॉर्ममध्ये कमी दिवस लिहा.